कर्जत, दौंड, मिरज: रेल्वेचं जाळं नेमकं कुठे तुटतं?

मध्य रेल्वेच्या नकाशाचा एक तुकडा घेऊ. कल्याणहून एक लाइन अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतला जाते. कर्जतला तिला दोन फाटे फुटतात: एक खोपोलीला जाऊन संपतो, दुसरा बोरघाट चढून लोणावळ्यामार्गे पुण्याला पोचतो. पुण्याहून एक लाइन दौंडला जाते आणि दुसरी साताऱ्याच्या बाजूने मिरजेला. दौंडहून तीन दिशा आहेत, नगरमार्गे मनमाड, सोलापूरच्या वाटेवरचं कुर्डूवाडी आणि बारामतीचा छोटा फाटा. कुर्डूवाडीहून पंढरपूरमार्गे मिरज गाठता येतं आणि मिरजेहून कोल्हापूर. मनमाडहून नाशिक, इगतपुरी आणि कसारा घाट उतरून पुन्हा कल्याण. दहा ठिकाणं, त्यांना जोडणारे अकरा दुवे. मधली छोटी स्थानकं सोडून दिली आहेत, कारण फाटे फुटतात ते या ठिकाणीच.

आता प्रश्न असा, की यातलं कोणतं एक स्थानक बंद पडलं तर उरलेल्या जाळ्याचे तुकडे होतील? पटकन उत्तर द्यायचं तर बहुतेक जण पुण्याचं नाव घेतील, काही जण कल्याणचं. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. पुणे पुसून टाकलं तरी कर्जतचा माणूस कल्याण, मनमाड, दौंड असा वळसा घालून मिरजेला पोचू शकतो. कल्याण पुसलं तरी बाकीची नऊ ठिकाणं एकमेकांना जोडलेलीच राहतात. जाळं तुटतं ते कर्जत, दौंड किंवा मिरज गेल्यावर. कर्जत गेलं की खोपोली एकटी पडते, दौंड गेलं की बारामती आणि मिरज गेलं की कोल्हापूर.

संगणकशास्त्रात ठिकाणं आणि त्यांना जोडणारे दुवे यांच्या अशा रचनेला ग्राफ म्हणतात. दुव्यावरून दोन्ही दिशांनी जाता येत असेल तर तो अनडायरेक्टेड ग्राफ. जे ठिकाण काढल्यावर ग्राफचे तुकडे होतात ते आर्टिक्युलेशन पॉइंट. इथे त्याला सांधा म्हणू. जो एक दुवा काढल्यावर तुकडे होतात तो ब्रिज. या ब्रिजचा नदीवरच्या पुलाशी संबंध नाही. आपल्या नकाशात कर्जत-खोपोली, दौंड-बारामती आणि मिरज-कोल्हापूर हे तीन दुवे ब्रिज आहेत, मग त्यांच्या वाटेवर किती का पूल असेनात.

दहा ठिकाणांच्या नकाशात हे नुसत्या नजरेने सापडतं. वीजवाहिन्या, पाण्याच्या पाइपलाइन किंवा इंटरनेटच्या केबल यांच्या जाळ्यात हजारो ठिकाणं असतात आणि तिथे नजर चालत नाही. मग सरळ सुचणारी पद्धत अशी, की एकेक दुवा काढून बघायचा आणि प्रत्येक वेळी सगळं जाळं फिरून ते अखंड आहे का ते तपासायचं. ही पद्धत बरोबर उत्तर देते, पण फार हळू. १०,००० ठिकाणं आणि १५,००० दुवे असतील तर एका फेरीला साधारण २५,००० पावलं लागतात, आणि अशा १५,००० फेऱ्या माराव्या लागतात. म्हणजे ३७.५ कोटी पावलं, आणि तीही फक्त ब्रिज शोधण्यासाठी.

जॉन हॉपक्रॉफ्ट आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की हे सगळं एकाच फेरीत उरकतं. टार्जन यांचा त्याविषयीचा प्रसिद्ध लेख १९७२ सालचा, दोघांचा मिळून लिहिलेला १९७३ सालचा. ग्राफ आणि डेटा रचनांवरच्या कामासाठी १९८६ साली दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांची युक्ती शाळकरी मुलाला कळेल इतकी छोटी आहे, पण ती का चालते हे समजून घ्यायला थोडं थांबावं लागतं.

फेरी मारायची पद्धत आहे डेप्थ फर्स्ट सर्च, म्हणजे आधी खोल जायचं. ज्या ठिकाणी उभे आहोत तिथून न पाहिलेलं कुठलंही शेजारचं ठिकाण निवडायचं आणि तिकडे जायचं. तिथून पुन्हा तसंच. पुढे नवं काही उरलं नाही की ज्या दुव्याने आलो त्यानेच एक पाऊल मागे यायचं आणि तिथून दुसरी वाट बघायची. प्रत्येक नव्या ठिकाणी पोचलो की त्याला क्रमाने एक आकडा द्यायचा. हा भेट-क्रमांक एकदा दिला की बदलत नाही.

या फेरीत दुव्यांचे आपोआप दोन प्रकार पडतात. ज्या दुव्याने आपण नव्या ठिकाणी गेलो तो झाडाचा दुवा, कारण असे सगळे दुवे मिळून एक झाड तयार होतं. ज्या दुव्याच्या पलीकडचं ठिकाण आधीच पाहिलेलं निघालं, तो मागे जाणारा दुवा. या झाडाकडे वंशावळीसारखं पाहिलं तर पुढचं सगळं सोपं जातं: ज्या ठिकाणाहून आलो ते पालक, जिथे गेलो ते मूल आणि मुळापासून इथवरच्या वाटेवरचे सगळे पूर्वज.

आणि इथे या पद्धतीचा खरा आधार आहे. अनडायरेक्टेड ग्राफमध्ये अशी फेरी मारली तर मागे जाणारा प्रत्येक दुवा एखाद्या ठिकाणाला त्याच्या थेट पूर्वजाशीच जोडतो. चुलतभावंडांमध्ये दुवा निघतच नाही. कारण पाहा. समजा क्ष आणि य ही दोन ठिकाणं एका दुव्याने जोडलेली आहेत आणि फेरी क्षला आधी पोचली. क्षहून कायमचं मागे फिरण्याआधी आपण त्याचे सगळे शेजारी तपासतो आणि य हा त्याचा शेजारीच आहे. म्हणजे आपण क्ष सोडेपर्यंत य कधी ना कधी पाहिला गेलेला असणारच, आणि तोही क्षच्या खालच्या शाखेत. य दुसऱ्याच शाखेत सापडायला वाव उरत नाही.

याचा परिणाम मोठा आहे. झाडातली एखादी शाखा उरलेल्या जाळ्याला कशाकशाने जोडलेली आहे? एक तर तिला वर जोडणाऱ्या झाडाच्या दुव्याने, आणि दुसरं म्हणजे शाखेतून निघून वरच्या पूर्वजांकडे जाणाऱ्या दुव्यांनी. तिसरी वाट नाही. त्यामुळे शाखेला पर्यायी वाट आहे की नाही हे ठरवायला सगळं जाळं पुन्हा फिरायची गरज नाही. तिच्यातून निघणारा मागचा दुवा जास्तीत जास्त किती वरच्या पूर्वजापर्यंत पोचतो, एवढं कळलं की पुरे.

तेच माप म्हणजे लो. एखाद्या ठिकाणाचा लो म्हणजे त्या ठिकाणाहून झाडाच्या दुव्यांनी हवं तेवढं खाली उतरून, मग मागे जाणारा फक्त एक दुवा वापरून गाठता येणारा सर्वांत लहान भेट-क्रमांक. मागचा दुवा नसेलच तर लो म्हणजे स्वतःचा भेट-क्रमांक.

आता कल्याणहून निघू आणि आकडे मांडत जाऊ. कल्याणचा भेट-क्रमांक १. तिथून कर्जतला, क्रमांक २. कर्जतहून आधी खोपोली घेऊ, क्रमांक ३. खोपोलीहून पुढे काहीच नाही. मागे जाणारा दुवाही नाही, म्हणून खोपोलीचा लो ३ च राहतो. मागे कर्जतला आलो आणि घाट चढून पुणे, क्रमांक ४. पुण्याहून दौंड, क्रमांक ५. दौंडहून मनमाड, क्रमांक ६.

मनमाडहून एक दुवा कल्याणला जातो, पण कल्याण आधीच पाहिलेलं आहे, त्याचा क्रमांक १. म्हणून मनमाडचा लो १. मागे दौंडला आल्यावर दौंडचाही लो १ होतो, कारण मनमाडमार्गे कल्याण गाठता येतं. दौंडहून पुढे कुर्डूवाडी, क्रमांक ७, आणि तिथून मिरज, क्रमांक ८. मिरजेहून पुण्याला दुवा आहे आणि पुण्याचा क्रमांक ४, म्हणून मिरजेचा लो ४. मिरजेहून कोल्हापूर, क्रमांक ९. पुढे वाट नाही, लो ९. परत मिरज. कोल्हापूरच्या ९ ने मिरजेच्या ४ मध्ये काही फरक पडत नाही. परत कुर्डूवाडी, तिचाही लो ४. परत दौंड, तिथे १ आधीच आहे. दौंडहून शेवटची वाट बारामतीची, क्रमांक १०, लो १०. मग दौंडहून पुणे, पुण्याहून कर्जत, कर्जतहून कल्याण असं मागे येताना तिन्ही ठिकाणी लो १ होतो. पुण्याला परतल्यावर मिरजेचा दुवा दिसतो, पण मिरज आता पाहिलेली आहे, त्यामुळे तिकडे नव्याने जायचं नाही.

निकाल वाचायचा तो झाडाच्या प्रत्येक दुव्यावर, पालक आणि मूल यांचे आकडे शेजारी ठेवून. मुलाचा लो पालकाच्या भेट-क्रमांकापेक्षा मोठा असेल तर तो दुवा ब्रिज. खोपोलीचा लो ३, कर्जतचा क्रमांक २. ३ मोठा, म्हणून ब्रिज. कोल्हापूरचा लो ९, मिरजेचा क्रमांक ८, ब्रिज. बारामतीचा लो १०, दौंडचा क्रमांक ५, ब्रिज. मिरजेचा लो ४ आणि तिच्या वरच्या कुर्डूवाडीचा क्रमांक ७. चार लहान, म्हणजे मिरजेच्या शाखेला कुर्डूवाडी टाळून वर जायची वाट आहे. ब्रिज नाही.

सांध्यासाठी अट थोडी सैल आहे: मुलाचा लो पालकाच्या भेट-क्रमांकाएवढा असला तरी पालक सांधा ठरतो. या एका बरोबरीच्या खुणेत दोन्ही प्रश्नांमधला सगळा फरक आहे. लो पालकाच्या क्रमांकाएवढा आहे, म्हणजे मुलाच्या शाखेतून एक मागचा दुवा पालकापर्यंत येतो, पण त्याच्या वर जात नाही. दुवा काढला तर त्या दुसऱ्या वाटेने पालकापर्यंत पोचता येईल, म्हणून तो ब्रिज नाही. पण पालकच काढला तर दोन्ही वाटा त्याच्यावरच येऊन संपत असल्यामुळे शाखा तुटते.

हे आपल्याच नकाशावर दाखवता येतं. समजा पावसाने कसारा घाट बंद पडला आणि कल्याण-मनमाड हा दुवा गेला. फेरी त्याच क्रमाने पुन्हा मारू, भेट-क्रमांक तेच राहतील. मनमाडला आता मागे जायला काहीच नाही, तिचा लो ६. दौंडच्या शाखेतून सर्वांत वर जाणारा दुवा आता मिरज-पुणे, म्हणून दौंडचा लो ४, पुण्याचाही लो ४, कर्जतचा लो २. आता पालक-मूल जोड्या पाहा. कर्जतचा क्रमांक २ आणि पुण्याचा लो ४, म्हणजे बोरघाटाचा दुवा, जो मघाशी ब्रिज नव्हता, तो आता ब्रिज झाला. कल्याण-कर्जतही ब्रिज झाला, दौंड-मनमाडही. आणि पुण्याचा क्रमांक ४, त्याचं मूल दौंड, तिचा लो ४. बरोबरी. पुणे-दौंड हा दुवा ब्रिज नाही, कारण दौंडला कुर्डूवाडी आणि मिरजेचा वळसा घालून पुण्याला येता येतं. पण पुणे स्वतः सांधा झालं आहे: ते गेलं तर दौंड, मिरज, कोल्हापूर एका बाजूला आणि कल्याण, कर्जत, खोपोली दुसऱ्या बाजूला पडतात. एका घाटातली दरड तिथून दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या जंक्शनची जागा अशी बदलते. मला या पद्धतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. ती फक्त यादी देत नाही, कोणता वळसा कोणाला आधार देत होता हे आकड्यांतून दाखवते.

एक अपवाद राहिला. पहिल्या फेरीत कर्जतचा लो १ आणि कल्याणचा क्रमांकही १. सांध्याची अट पूर्ण होते, तरी कल्याण सांधा नाही. फेरी जिथून सुरू होते त्या मुळाच्या वर कोणीच नसतं, त्यामुळे ‘त्याच्या वर जाता येतं का’ हा प्रश्नच तिथे निरर्थक ठरतो. मुळासाठी नियम वेगळा: झाडात त्याला दोन किंवा अधिक मुलं असतील तरच ते सांधा. चुलतभावंडांमध्ये दुवे नसतात, म्हणून मुळाच्या दोन शाखांना जोडणारं त्या मुळाशिवाय दुसरं काहीच नसतं. आपल्या फेरीत कल्याणला कर्जत हे एकच मूल आहे, मनमाड तर खालून सापडलं. म्हणून कल्याण सुटतं. मुंबई जर फक्त कल्याणला जोडलेली म्हणून नकाशात घातली, तर मात्र कल्याणला दोन मुलं होतील आणि ते सांधा ठरेल.

संगणकाला हे सांगायला वीसएक ओळी लागतात. पायथन भाषेत ते असं दिसतं:

```python
def dfs(u, via):
    global t
    t += 1
    disc[u] = low[u] = t
    children = 0
    for v, e in adj[u]:
        if e == via:
            continue
        if v in disc:
            low[u] = min(low[u], disc[v])
        else:
            children += 1
            dfs(v, e)
            low[u] = min(low[u], low[v])
            if low[v] > disc[u]:
                bridges.append(e)
            if via is not None and low[v] >= disc[u]:
                cuts.add(u)
    if via is None and children > 1:
        cuts.add(u)
```

यात `disc` म्हणजे भेट-क्रमांक, `low` म्हणजे लो, आणि `via` म्हणजे ज्या दुव्याने आपण इथे आलो त्याची ओळख. सुरुवात `dfs("कल्याण", None)` अशी करायची. प्रत्येक ठिकाण एकदा आणि प्रत्येक दुवा दोन्ही टोकांकडून एकेकदा पाहिला जातो, बस्स. मघाच्या १०,००० ठिकाणांच्या जाळ्यात ३७.५ कोटी पावलांच्या जागी काही दहा हजार पावलांत काम होतं, आणि ब्रिज व सांधे दोन्ही एकदम मिळतात.

ओळी थोड्या आहेत, पण दोन जागी हमखास घसरायला होतं. पहिली जागा `via` ची. खोपोलीला पोचल्यावर तिथून कर्जतला जाणारा दुवा दिसतो आणि कर्जत आधीच पाहिलेलं आहे. हा मागे जाणारा दुवा धरला तर खोपोलीचा लो २ होईल आणि ब्रिज हातचा जाईल. म्हणून आलो तो दुवा वगळायचा. पुष्कळ जण इथे दुव्याऐवजी पालक वगळतात, म्हणजे ‘कर्जतकडे जाणारं काहीही बघू नका’ असं लिहितात. दोन ठिकाणांमध्ये एकच दुवा असेल तोवर हे चालतं. दोन स्वतंत्र दुवे असतील, उदाहरणार्थ दोन शहरांमध्ये वेगवेगळ्या मार्गांनी टाकलेल्या दोन केबल, तर पालक वगळणारा कोड दुसरी केबलही नजरेआड करतो आणि जो दुवा ब्रिज नाही त्याला ब्रिज ठरवतो. प्रत्येक दुव्याला स्वतःचा नंबर देऊन तोच नंबर तपासला की ही चूक होत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण ती बहुतेक वेळा दिसतच नाही. मागचा दुवा सापडला की `disc[v]` घ्यायचा असतो, तिथे `low[v]` लिहिला जातो. वाचायला ते साहजिकही वाटतं: पूर्वज आणखी वर पोचत असेल तर आपणही पोचू. आपल्या नकाशावर हा चुकीचा कोड चालवला तरी उत्तर बरोबर येतं. पण कोल्हापूरहून इचलकरंजी आणि तिथून मिरज अशी एक लाइन आहे अशी कल्पना करा. आता मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी असा त्रिकोण झाला. तिथे ब्रिज उरला नाही, पण मिरज अजूनही सांधा आहे, कारण त्रिकोणातून बाहेर पडायची वाट मिरजेतूनच जाते. फेरीत कोल्हापूर ९ आणि इचलकरंजी १०. इचलकरंजीहून मिरजेला मागचा दुवा आहे. योग्य नियमाने तिचा लो ८, कोल्हापूरचाही ८, मिरजेचा क्रमांक ८, बरोबरी, मिरज सांधा. चुकीच्या नियमाने इचलकरंजी मिरजेचा लो उचलते आणि तो पुण्याच्या दुव्यामुळे आधीच ४ झालेला आहे. मग कोल्हापूरचा लो ४ दिसतो, ८ पेक्षा लहान, आणि मिरज यादीतून गळते. पुण्याकडे जायला मिरजेतूनच जावं लागतं हे त्या हिशेबात हरवलं. व्याख्येत ‘मागे जाणारा फक्त एक दुवा’ असं म्हटलं आहे ते याचसाठी. ब्रिजच्या उत्तरावर या चुकीचा परिणाम होत नाही. सांध्यांवर होतो, आणि तोही शेजारी कोणत्या क्रमाने पाहिले यावर अवलंबून. मिरजेहून आधी कोल्हापूर बघितलं असतं आणि मग पुण्याचा दुवा, तर हाच चुकीचा कोड बरोबर उत्तर देऊन गेला असता. म्हणून तपासणी करताना शेजाऱ्यांचा क्रम उलटसुलट करून तोच ग्राफ अनेकदा चालवावा, आणि छोट्या ग्राफवर एकेक ठिकाण काढून बघण्याच्या सरळ पद्धतीशी उत्तर ताडून पाहावं.

पायथनमध्ये आणखी एक व्यवहाराची अडचण येते. वरचा कोड स्वतःला पुन्हा पुन्हा बोलावतो आणि पायथन अशा बोलावण्यांची खोली मुळात १,००० वर अडवतं. दोन जंक्शनांमधलं प्रत्येक छोटं स्थानक, प्रत्येक सिग्नल वेगळं ठिकाण म्हणून घातलं तर एका लांब लाइनवरच ही मर्यादा ओलांडली जाते आणि `RecursionError` येतो. मग तीच फेरी स्वतःचा स्टॅक ठेवून, लूपने लिहावी लागते. आकडे काढायचे नियम तेच राहतात.

कोड अचूक असला तरी त्याला मिळालेला नकाशा कसा काढला आहे यावर सगळं अवलंबून असतं. मी वरच्या तुकड्यातून पनवेल वगळलं आहे. प्रत्यक्षात पनवेलहून कर्जतला लाइन आहे आणि दिव्याकडूनही पनवेलला येता येतं. ते घातलं की कसारा बंद असतानाही कल्याण-कर्जत ब्रिज राहत नाही, पण बोरघाट राहतो. दौंड आपण एक बिंदू मानला, पण तिथे कॉर्ड लाइन आहे, जिच्यावरून मनमाड आणि पुणे या दिशांच्या गाड्या दौंडच्या मुख्य स्थानकात न शिरता जाऊ शकतात. मुख्य स्थानक बंद असणं आणि सगळे दुवे बंद असणं या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एका बिंदूत ते मावत नाही. बारामतीचंही तसंच. लोणंद ते फलटण लाइन झाली आहे, आणि लोणंद हे पुणे-मिरज मार्गावरचं स्थानक आहे. फलटण-बारामती हा टप्पा तिला जोडला की बारामतीहून फलटण-लोणंदमार्गे निघणारा दुवा आपल्या झाडात वरच्या बाजूला पोचेल, दौंड-बारामती ब्रिज राहणार नाही आणि दौंड सांध्यांच्या यादीतून बाहेर पडेल. एवढ्याशा लाइनने यादीतली दोन नावं एकदम खोडली जातात. नवी लाइन कुठे टाकावी याचा विचार करताना हा हिशेब आधीच मांडता येतो.

जोडलेलं असणं आणि उपयोगी असणं हेही एक नव्हे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तो दुवा म्हणजे आपला कल्याण-कर्जत. आपल्या तुकड्यात तो ब्रिज नाही, कारण पुणे, दौंड, मनमाड असा वळसा आहे. पण पन्नास किलोमीटरच्या आतल्या त्या अंतरासाठी तो वळसा सुमारे ६०० किलोमीटरचा पडतो. लांब पल्ल्याच्या गाड्या दौंड-मनमाडमार्गे वळवल्या जातात, तेव्हा त्यांच्यासाठी तो खरोखरच कामाचा असतो. कर्जतहून रोज कल्याणला नोकरीला जाणाऱ्या माणसासाठी तो नसल्यात जमा आहे. अंतर, गाड्यांची क्षमता, एकेरी की दुहेरी मार्ग, यातलं काहीच लोच्या आकड्यात येत नाही.

आणि ही पद्धत एका वेळी एकच गोष्ट बंद पडेल असं धरून चालते. जुलै २०२१ मधल्या अतिवृष्टीत कसारा आणि बोरघाट या दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच वेळी थांबली होती. आपल्या अकरा दुव्यांच्या नकाशात या दोघांपैकी एकही ब्रिज नाही, म्हणून पहिल्या फेरीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. पण दोन्ही एकदम काढले की कल्याण, कर्जत आणि खोपोली हा तुकडा उरलेल्या सातांपासून सुटतो. एकत्र गेल्यावर जाळं तोडणाऱ्या दुव्यांच्या अशा जोड्या शोधायला वेगळ्या पद्धती लागतात. सोपा मार्ग म्हणजे एक दुवा आधी काढून ठेवायचा आणि उरलेल्या ग्राफवर लोची फेरी मारून ब्रिज शोधायचे, जसं आपण कसारा काढून केलं. अकरा दुव्यांसाठी अकरा फेऱ्या. मोठ्या जाळ्यात हे जड जातं, पण सह्याद्रीतल्या दोन घाटांवर एकच पाऊस पडतो हे ज्याला माहीत आहे, त्याला कोणता दुवा आधी काढून बघायचा हे ठरवायला वेळ लागत नाही.